मित्राच्या अल्बममधल्या फोटोवर चुकून माझं नाव टॅग झालंय: टॅग कसा काढायचा आणि पुढचे कसे थांबवायचे?

गुरुजी_दिग्रस
नमस्कार मंडळी. फेसबुकचा प्रश्न आहे. आमच्या तालुक्यातल्या एका मित्राने ग्रामपंचायतीच्या प्रचारसभेचा अल्बम टाकला आहे, चाळीसेक फोटोंचा. त्यातल्या तीन फोटोंवर माझं नाव टॅग झालेलं दिसतं. फोटोत गमछा घातलेला माणूस मागच्या ओळीत उभा आहे, तो मी नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे, त्यामुळे 'सर प्रचारात फिरतात' असा बोभाटा होणं मला परवडणारं नाही. मित्राशी भांडायचंही नाही, तो माणूस चांगला आहे. दोन गोष्टी हव्यात. एक, माझं नाव त्या फोटोंवरून जावं. दोन, यापुढे मला विचारल्याशिवाय कोणी टॅग करू नये. फोन अँड्रॉइड आहे, फेसबुकचं साधं ॲप.

वऱ्हाडी_पोट्टा
अहो गुरुजी, हे फेसबुकच चेहरा पाहून नाव चिटकवते. सेटिंगमंदी Face recognition म्हणून एक बटन आहे, ते बंद करून टाका, झालं बाप्पा. मंग कोणीच टॅग नाई करू शकत. अन् आता जे फोटो दिसून रायले त्यायच्यावर Hide from profile दाबा, विषय खतम.

कपाशीवाला
माझीही हीच तक्रार आहे. रोज कोणी ना कोणी बियाण्याच्या नाहीतर लोनच्या ग्रुपमध्ये टाकतो, बाहेर पडलं की पुन्हा टाकतो. हे कसं थांबवायचं तेही सांगा.

संध्या_द
कपाशीवाले भाऊ, तुमचा प्रश्न व्हॉट्सॲपचा आहे, गुरुजींचा फेसबुकचा. तुमच्यापुरतं सांगते: व्हॉट्सॲपच्या Settings मध्ये Privacy, त्यात Groups, तिथे Everyone असेल तर My contacts करा. त्यानंतर अनोळखी माणसाला तुम्हाला थेट ग्रुपमध्ये टाकता येत नाही, आमंत्रण पाठवावं लागतं.

आता पोट्ट्याचं. चेहरा ओळखून नाव सुचवण्याची सोय फेसबुकवर होती, हे खरं. पण ती बंद करत असल्याचं कंपनीने नोव्हेंबर 2021 मध्ये जाहीर केलं आणि साठवलेले चेहऱ्यांचे साचेही पुसायचं ठरवलं. त्यामुळे ते बटण आता शोधत बसू नका. गुरुजींचं नाव कोणीतरी हाताने लावलंय. चूक बहुधा अशी होते: फोटोवर बोट ठेवलं, नावाची दोन अक्षरं टाइप केली, खाली मित्रांची यादी आली आणि घाईत वरचं नाव दाबलं गेलं. आपल्याकडे एकेका आडनावाचं अख्खं गाव असतं, त्यात हे व्हायला वेळ लागत नाही.

Hide from profile ने विषय संपत नाही. तो फोटो फक्त तुमच्या प्रोफाइलवर दिसेनासा होतो, टॅग फोटोवर तसाच राहतो. मित्राचा अल्बम उघडून नावावर बोट ठेवणारा थेट तुमच्या प्रोफाइलवर पोचतो. गुरुजींची अडचण नेमकी तीच आहे.

टॅग काढायचा तो असा. अल्बम उघडला की फोटो एकाखाली एक दिसतात. वर कोपऱ्यात तीन ठिपके असतात, पण ते अख्ख्या पोस्टचे. बहुतेक जण तिथेच अडकतात. आधी एका फोटोवर बोट ठेवून तो एकटा काळ्या पार्श्वभूमीवर उघडा. मग त्याच्या कोपऱ्यातले तीन ठिपके दाबा, त्यात Remove tag दिसेल. ते दाबून होकार द्या. प्रत्येक फोटोचा टॅग वेगळा असतो, त्यामुळे तीन फोटो असतील तर तीनदा करावं लागेल. शिवाय पोस्टच्या वर मित्राच्या नावापुढे with असं लिहून तुमचं नाव आलंय का तेही बघा. तो चौथा टॅग, तो पोस्टच्या ठिपक्यांमधून निघतो. टॅग काढल्याची सूचना मित्राला जात नाही.

निवृत्त_लिपिक
संध्याताई, एक मिनिट. गुरुजी, टॅग काढण्याआधी स्क्रीनशॉट घ्या. फोटो, अल्बमचं नाव, तारीख आणि टॅग केल्याची जी सूचना घंटीमध्ये आली असेल ती, सगळं. तुमच्यासाठी 1967 चे जिल्हा परिषद जिल्हा सेवा वर्तणूक नियम लागू आहेत. राजकीय प्रचारात भाग घेतल्याची तक्रार झाली तर 'तो मी नव्हतोच' हे तुम्हाला दाखवावं लागेल. टॅग काढून टाकला आणि तक्रार करणाऱ्याकडे जुना स्क्रीनशॉट असला, तर तुमच्या हातात काहीच राहत नाही. उलट पुरावा नाहीसा केला असंही म्हणणारे निघतात.

वऱ्हाडी_पोट्टा
हे मात्र बरोबर बोलले काका. पन तोवर टॅग तसाच ठेवायचा का? सगळ्या गावानं पाह्यलं तं?

निवृत्त_लिपिक
ठेवायचा नाही रे. दोन मिनिटांचं काम आहे. आधी स्क्रीनशॉट, मग टॅग. मुख्याध्यापकांना किंवा गटशिक्षणाधिकाऱ्यांना आधीच लेखी कळवावं का, यावर मात्र माझं मत आहे की कळवावं.

संध्या_द
स्क्रीनशॉटचं बरोबर आहे, मी सांगायला हवं होतं. कळवण्याबद्दल माझं उलट मत आहे. ज्याची तक्रारच नाही त्यावर आधीच पत्र दिलं तर ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांनाही ठाऊक होतं. पण हा निर्णय गुरुजींचा.

स्क्रीनशॉटमध्ये आणखी एक गोष्ट येऊ द्या. टॅगच्या सूचनेत काय लिहिलंय ते नीट वाचा. 'अमक्याने तुम्हाला त्याच्या फोटोत टॅग केलं' आणि 'अमक्याने तुम्हाला तमक्याच्या फोटोत टॅग केलं' यात फरक आहे. अल्बम एकाचा आणि टॅग करणारा दुसरा, असं पुष्कळदा असतं. मित्राला फोन करण्याआधी हे पाहिलं तर बोलणं नीट होईल.

गुरुजी_दिग्रस
आभार ताई आणि काका. स्क्रीनशॉट घेतले. सूचनेत टॅग करणारा वेगळाच निघाला, दोघांच्या ओळखीचा एक तरुण. अल्बमवाल्या मित्राला बहुधा यातलं काही माहीतही नसेल.

पहिल्या दोन फोटोंवरून टॅग गेला. तिसऱ्यावर मात्र Remove tag येतच नाही. ठिपक्यांत बाकी सगळं आहे, तेवढंच नाही. असं का?

रेवती_म
माझ्या बाबतीतही पर्याय येत नव्हता. टॅग माझ्या जुन्या खात्यावर होता, पहिल्या फोन नंबरवर काढलेलं खातं, ते विसरले होते. त्या खात्यात शिरल्यावरच पर्याय आला. तुमचंही जुनं खातं असेल, तेच कारण असणार.

संध्या_द
रेवतीताई, हे एक कारण झालं, पण तेवढंच नाही. गुरुजी, तिसऱ्या फोटोवरच्या नावावर बोट ठेवा आणि कोणतं प्रोफाइल उघडतं ते सांगा. तीन शक्यता आहेत. तुमचं जुनं खातं उघडलं तर रेवतीताई म्हणतात तसं त्यात लॉगिन करून काढावं लागेल. तुमचा फोटो लावलेलं खोटं खातं उघडलं तर त्या प्रोफाइलच्या तीन ठिपक्यांतून Report profile करून 'माझ्या नावाने कोणीतरी वावरतंय' अशी तक्रार करायची. आणि दुसऱ्याच माणसाचं खरं खातं उघडलं तर तो टॅग तुमचा नाहीच.

नावावर बोट ठेवूनही काहीच उघडत नसेल, तर ते कोणीतरी नुसतं लिहिलेलं नाव आहे. त्याला फेसबुक टॅग मानत नाही, त्यामुळे काढायचा पर्यायही देत नाही.

गुरुजी_दिग्रस
उघडलं. शेजारच्या गावातले माझेच नामसाधर्म्य असलेले गृहस्थ आहेत. नाव, आडनाव दोन्ही एक. फोटोतला गमछावाला माणूस तेच! म्हणजे तिसरा टॅग बरोबर आहे, पहिले दोन चुकीचे होते.

वऱ्हाडी_पोट्टा
घ्या! मंग गुरुजींचं नाव फोटोवर दिसते ते राहीलच की. लोकं नावच वाचतात, बोट लावून कोन पाह्यते?

संध्या_द
हो, आणि त्याला फेसबुकवर उपाय नाही. तो टॅग ते गृहस्थ काढू शकतात किंवा अल्बमचा मालक. गुरुजींना काढता येणार नाही आणि यायलाही नको. फार तर आपल्या प्रोफाइलच्या परिचयात शाळेचं नाव आणि गाव ठेवा, म्हणजे बघणाऱ्याला दोन माणसं वेगळी आहेत हे कळेल.

निवृत्त_लिपिक
गुरुजी, हा तिसरा फोटो तुमच्या बाजूचाच पुरावा आहे. तो माणूस कोण हे त्यावरच लिहिलंय. त्याचाही स्क्रीनशॉट ठेवा, नावावर बोट ठेवल्यावर उघडणाऱ्या प्रोफाइलसकट.

गुरुजी_दिग्रस
ठेवतो काका. आता दुसरा भाग. पुढे असं होऊ नये म्हणून काय करू? सेटिंगमध्ये Review नावाचे दोन पर्याय दिसतात, दोन्ही सारखेच वाटतात.

संध्या_द
सारखे नाहीत. रस्ता असा: ॲपमधला तीन आडव्या रेघांचा मेनू, त्यात Settings & privacy, मग Settings, खाली Profile and tagging. सापडत नसेल तर सेटिंगमध्ये वर शोधायची पट्टी असते, तिथे tag टाइप करा. ॲप नवं झालं की ओळींची जागा इकडे तिकडे होते.

पहिला पर्याय साधारण असा लिहिलेला आहे: Review posts you're tagged in before the post appears on your profile? हा तुमच्यासाठी. चालू केला की टॅग झालेली पोस्ट आधी तुमच्याकडे थांबते, तुम्ही हो म्हटलं तरच तुमच्या प्रोफाइलवर येते. दुसरा: Review tags people add to your posts before the tags appear on Facebook? हा *तुमच्या* पोस्टवर दुसऱ्यांनी लावलेल्या टॅगसाठी. गुरुजींनी दुसरा चालू केला तर मित्राच्या अल्बममधलं काहीच थांबणार नाही, कारण तो अल्बम गुरुजींचा नाही.

तो दुसरा पर्याय खरं तर मित्राच्या फोनवर चालू हवा. टॅग करणारा तिसराच तरुण होता ना? मित्राने तो चालू ठेवला असता तर त्या तरुणाचा टॅग आधी मित्राला मान्य करावा लागला असता आणि तिथेच कळलं असतं की माणूस चुकला. मित्राला फोन कराल तेव्हा एवढीच विनंती करा, त्यात तक्रारीचा सूर येत नाही.

पहिल्या पर्यायाचीही मर्यादा आहे. त्याच्या नावात *on your profile* आहे, ते लक्षात घ्या. थांबते ती फक्त तुमच्या प्रोफाइलवरची पोस्ट. मित्राच्या अल्बममध्ये टॅग लगेच दिसतो. रांगेतल्या पोस्टला तुम्ही Hide केलंत तरी फोटोवरचा टॅग जात नाही, तो फोटो उघडून Remove tag नेच काढावा लागतो. हे न कळल्याने कितीतरी लोक 'रिव्ह्यू चालू आहे तरी टॅग होतोच कसा' असं विचारतात.

रेवती_म
म्हणजे टॅग करणं पूर्ण बंद करायचं बटण नाहीच?

संध्या_द
फेसबुकवर नाही. इन्स्टाग्रामवर आहे: तिथे Settings मध्ये Tags and mentions, त्यात Don't allow tags. फेसबुकवर एखाद्याला पूर्ण थांबवायचं तर ब्लॉक करणं एवढाच मार्ग, आणि ब्लॉक केलं की मैत्रीही तुटते. गुरुजींना ते नको आहे.

पण एक तिसरं सेटिंग आहे, ते लोक बघतच नाहीत आणि गावात तेच जास्त उपयोगी पडतं. त्याच पानावर Tagging खाली: When you're tagged in a post, who do you want to add to the audience of the post if they can't already see it? तिथे बहुधा Friends असतं. म्हणजे मित्राने फोटो फक्त त्याच्या मित्रांसाठी टाकला असला तरी त्यात तुमचा टॅग आला की तुमच्या मित्रांनाही तो दिसू लागतो. तुमचे सासरचे, सहकारी शिक्षक, जे मित्राच्या यादीत नाहीतच, त्यांच्यापर्यंत तो फोटो तुमच्या टॅगमुळे पोचतो. तिथे Only me करा. मग टॅग झाला तरी तुमच्या ओळखीचे त्यात आपोआप जोडले जात नाहीत.

त्याच्या वर Who can see posts you're tagged in on your profile? आहे, तिथेही Only me ठेवता येतं.

कपाशीवाला
म्हणजे आता मी गुरुजींचा टॅग काढलेला फोटो पाहू शकत नाही का? मी त्यांच्या मित्राच्या यादीत नाही.

संध्या_द
फोटो कोणासाठी खुला आहे त्यावर अवलंबून. तारखेच्या बाजूचं छोटं चिन्ह बघा. पृथ्वीचा गोळा असेल तर तो सगळ्या जगाला दिसतो, टॅग असो वा नसो. दोन माणसांचं चिन्ह असेल तर तो त्या मित्राच्या मित्रांसाठी आहे. अशा फोटोवरून गुरुजींनी टॅग काढला की त्यांच्या टॅगमुळे जोडलेले लोक बाहेर पडतात. पण दुसऱ्या टॅग झालेल्या माणसाचे तुम्ही मित्र असाल तर तुम्हाला तो तरीही दिसेल.

गुरुजी, चिन्ह कोणतं आहे?

गुरुजी_दिग्रस
गोळा आहे. सगळ्यांसाठी खुला.

संध्या_द
मग फक्त तुमचं नाव निघून काम अर्धं झालं. फोटो तसाच खुला राहील, आणि तिसरी सेटिंगही खुल्या पोस्टवर काही करू शकत नाही, कारण जे आधीच सगळ्यांना दिसतं त्यात कोणाला जोडायचं उरत नाही. मित्राला अल्बम उघडून तीन ठिपक्यांतून Edit album मध्ये जायला सांगा. तिथे प्रेक्षक Friends करता येतात. अल्बममधल्या एका फोटोला वेगळी प्रायव्हसी ठेवता येत नाही, अख्ख्या अल्बमलाच लागते. तेवढं करायला मित्र तयार नसेल आणि तुमची हरकत फक्त त्या दोन फोटोंवर असेल, तर ते फोटो काढण्याची विनंती करा. पण त्यात तुम्ही नाहीच, तेव्हा मित्र म्हणेल, दुसऱ्याचा फोटो तुमच्यासाठी का काढू? त्याचं म्हणणं चूक नाही.

खुला आहे का हे तपासताना एक फसगत होते. लोक लॉगिन न करता ब्राउझरमध्ये लिंक उघडतात, लॉगिनचं पान आलं की समजतात फोटो बंद झाला. खुल्या फोटोलाही फेसबुक बऱ्याचदा लॉगिन मागतं. चिन्हच बघा.

वऱ्हाडी_पोट्टा
मले वाटलं होतं माह्याच फोनमंदी ते चेहऱ्याचं बटन सापडत नाई म्हणजे ॲप जुनं आहे. बरं, जुने टॅग लय असले तं एकेक उघडत बसायचं का?

संध्या_द
नाही. प्रोफाइलवरच्या ठिपक्यांतून Activity log उघड, त्यात टॅग झालेल्या फोटोंचा भाग आहे. तिथे एकावेळी अनेक फोटो निवडून टॅग काढता येतात. मात्र ओळखीच्या जुन्या लग्नाचे फोटो वगैरे सरसकट काढण्याआधी नीट बघ, एकदा काढलेला टॅग परत हवा असेल तर कोणालातरी पुन्हा हाताने लावावा लागतो.

निवृत्त_लिपिक
आणि हे काम मोबाईलच्या दुकानात फोन देऊन करून घेऊ नका. पासवर्ड सांगावा लागतो, तो परत घेता येत नाही.

गुरुजी_दिग्रस
मित्राशी बोलणं झालं. त्याने दुसरा रिव्ह्यू चालू केला आणि अल्बम Friends केला. तरुणालाही सांगितलं. माझ्याकडे पहिला रिव्ह्यू चालू, जोडण्याचं Only me. View As करून पाहिलं, माझ्या प्रोफाइलवर सभेचा एकही फोटो नाही.

एकच राहिलं. अल्बम खुला असताना एका उमेदवाराच्या समर्थकाने त्यातला एक फोटो डाउनलोड करून स्वतः वेगळा टाकला आहे. वर लिहिलंय, 'आमच्यासोबत अमुक गुरुजी'. नावावर बोट ठेवलं तर काही उघडत नाही. तो माणूस माझ्या ओळखीचा नाही.

वऱ्हाडी_पोट्टा
आता 'गुरुजी' लिहिलं म्हणजे तुमालेच धरला त्यानं. मास्तर तं तुमीच ना, ते दुसरे गृहस्थ काय करतात?

गुरुजी_दिग्रस
शेती.

संध्या_द
डाउनलोड करून नव्याने टाकलेल्या फोटोचा मूळ अल्बमशी काही संबंध राहत नाही, त्यामुळे मित्राने काहीही केलं तरी तो जाणार नाही. नुसत्या शेअरचं वेगळं असतं, मूळ बंद झालं की शेअरही कोरं पडतं. नाव साध्या अक्षरात आहे, म्हणजे टॅगचे कुठलेच उपाय इथे लागू नाहीत. ठिपक्यांतून पोस्टची तक्रार करता येते, पण फोटो तुमचा नाही आणि मजकुरात शिवीगाळ नाही, तेव्हा फेसबुक ती उतरवेल अशी आशा धरू नका. त्याला मेसेज करून मजकूर दुरुस्त करायला सांगणं हा सरळ मार्ग. तुम्ही ओळखीचे नसल्याने मेसेज त्याच्या Message requests मध्ये पडेल, तो बघेलच असं नाही. ओळखीच्या कोणाकडून निरोप गेला तर बरं.

निवृत्त_लिपिक
आणि मी म्हणतो ते पत्र आता द्या, गुरुजी. टॅगचं एक वेळ चुकून झालं म्हणता येतं, इथे तर मजकुरातच गुरुजी म्हटलंय.

संध्या_द
काका, आता मलाही तसंच वाटतं. स्क्रीनशॉट आणि त्या गृहस्थांचं प्रोफाइल जोडून द्या. पण खाली कमेंटमध्ये 'तो मी नाही' असं लिहायचं का, याबद्दल माझं मन पक्कं होत नाही. लिहिलं तर पोस्ट आणखी लोकांना दिसते, नाही लिहिलं तर वाचणारा खरंच मानतो.

गुरुजी_दिग्रस
कमेंट आज तरी करत नाही. आधी त्या गृहस्थांनाच फोन करतो, फोटो त्यांचा आहे. ते स्वतः समर्थकाला म्हणाले 'मी गुरुजी नाही बाप्पा', तर तो बदलेल.